अर्जात न बसलेला भाऊ

श्यामराव मेंढे माझ्या सेंटरवर आले की मी आधी घड्याळाकडे बघायची. माणूस वाईट नव्हता, पण मोकळा होता, आणि मोकळ्या माणसाला माझं टेबल फार आवडतं. दुर्गजवळच्या कोहक्यात माझं हे च्वाइस सेंटर सुरू होऊन अकरा वर्षं झाली. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डातली दुरुस्ती, पेन्शनवाल्यांचं हयातीचं प्रमाणपत्र, सगळं इथेच होतं. श्यामरावांचं काम पाच मिनिटांचं असे आणि बसणं दीड तासाचं.

ते चौतीस वर्षं इथल्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी अंगातली शिफ्ट काही गेली नव्हती. घरी भिंतीला दोरीने एक वही टांगलेली. गॅसची टाकी कधी लागली, नळाला पाणी किती वाजता आलं, अन्नपूर्णाकाकूंनी गोळी घेतली की नाही, सगळं वेळेसकट त्यात लिहिलेलं. काकू वैतागून म्हणायच्या, "ह्याइले बायको नव्हती पाह्यजे, अशिस्टंट पाह्यजे होता." श्यामरावांना त्यात चूक काहीच दिसत नसे. "लॉग बुकात आलं म्हंजे ते झालं," ते म्हणायचे, "अन् नाही आलं तर कोनी कितीही बोंबलो, ते झालंच नाही." प्लांटमध्ये एकाने लॉग बुकाचं पान फाडलं होतं, त्याला चार्जशीट मिळाली होती. ती गोष्ट मी निदान वीस वेळा ऐकली असेल.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी ते संध्याकाळी आले आणि खुर्चीत बसलेच नाहीत. फोन माझ्यापुढे धरला. "पाय बरं पोरी, हे काय झालं."

दुपारी सव्वाबाराला त्यांनी यूपीआयने चाळीस हजार पाठवले होते. खात्यातून पैसे कटल्याचा मेसेज आला होता, पण ज्याला पाठवले त्या भूपेंद्रच्या खात्यात एक रुपया जमा नव्हता. भूपेंद्र म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचा, देवरावांचा मुलगा. हे लोक आमगावजवळच्या गावात राहतात, शेती करतात.

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. श्यामरावांना भाऊ आहे हे मला माहीत होतं, पण नऊ वर्षं दोघं बोलत नव्हते. आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा प्लांटमध्ये दुरुस्तीसाठी शटडाउन होतं, रजा बंद होत्या, आणि श्यामराव दोन दिवस उशिरा पोचले. अंगणात सगळ्यांसमोर देवराव म्हणाले, "तुले प्लांट पाह्यजे, माय नाही पाह्यजे." श्यामराव तेराव्यालाही थांबले नाहीत. दोघंही मेंढेच. एकाने मान वाकडी केली तर दुसरा ती सरळ करायला थोडाच जाणार!

त्या सकाळी मात्र देवरावांनी स्वतः फोन केला होता. गोंदियाच्या दवाखान्यात होते, छातीत दुखून भरती झाले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन-तीन दिवसांत नागपूरला न्या, हृदयाची नळी बंद आहे. मोफत उपचाराच्या सरकारी कार्डावरचं नाव आधारशी जुळत नव्हतं, म्हणून तिथे आधी पैसे जमा करावे लागणार होते.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"म्हने, श्याम, चाळीस हजार पाठवतं का? बस्स. एवढंच. नऊ वर्षांनी मले श्याम म्हनलं त्यानं."

आणि पैसे मध्येच कुठेतरी अडकले होते. त्यांच्या खात्यात आता सहा हजार उरले होते. त्यांनी मला विचारलं, जुन्या सोबत्याकडून उसने घेऊन पुन्हा पाठवू का?

मी हसले, आणि ते हसणं मला आजही आठवतं. दिवसाला अशी दोन प्रकरणं बघते मी. म्हटलं, "काका, कावून उगीच धावपळ करून राहिले? यूपीआय फेल झालं तर दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे आपोआप परत येते, नियम हाये तसा. नाहीतर तिकडं जमा होते. डबल पाठवसान तर डबल अडकन. उद्या येतीन."

त्यांनी माझ्यासमोरच देवरावांना फोन लावला. "दादा, पैसे निघाले हाये माह्या खात्यातून. सीमा म्हन्ते, उद्या येतीन. तू काळजी नको करू. तुमी निघा, मी नागपूरलेच येतो, दवाखान्यात." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवल्यावर श्यामरावांनी माझ्या टेबलावरचा पेपर दोनदा सरळ केला आणि उगाचच हसले.

शनिवारी पैसे आले नाहीत. महिन्यातला दुसरा शनिवार, बँक बंद. मी म्हटलं, सोमवार. बँकेच्या टोल फ्री नंबरवर त्यांनी पाऊण तास गाणं ऐकलं आणि फोन कटला. मी विचारलं, तुम्ही गोंदियाला जाऊन का येत नाही? ते म्हणाले, "रिकाम्या हातानं कसा जाऊ? पैसे पोचू दे, मंग जातो." पुन्हा तोच ताठा. मला तेव्हा राग आला होता.

सोमवारी शाखा उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. काउंटरवरच्या बाईने मशीनमध्ये बघितलं आणि सांगितलं, "आपकी तरफ़ से सक्सेस है, वेट कीजिए." त्यांनी तक्रारवही मागितली. ती बरीच शोधाशोध करून मिळाली. श्यामरावांनी उभ्याउभ्या तारीख, वेळ, रक्कम, व्यवहाराचा बारा आकडी नंबर, सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलं, खाली सही केली, आणि नोंद झाली या समाधानाने वही परत दिली. पायऱ्या उतरत होते तेवढ्यात भूपेंद्रचा फोन आला. देवराव सकाळी गेले होते.

गावी जाऊन आले त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याकडे फिरकले नाहीत. मीही त्यांच्या घरी गेले नाही. काय तोंडाने जाणार? अन्नपूर्णाकाकूंकडून कळलं की अंत्यविधीला कोणी त्यांना काही बोललं नाही. वहिनी, अंजनाबाई, त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. भूपेंद्रला त्यांनी पैसे कटल्याचा मेसेज दाखवायचा प्रयत्न केला, तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या काका." तेवढंच. त्या तीन शब्दांवर श्यामराव झोपेनासे झाले होते.

मार्चच्या मध्यात ते आले. हातात वहीचे अकरा कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. "हे लोकपालाले पाठवाचं हाये. रिझर्व बँकेच्या. मले पैसे नाही पाह्यजे पोरी, मले कागद पाह्यजे. शिक्क्याचा. का त्या दिवशी मी पैसे पाठवले होते. तिकडं सगळ्याइले वाट्टे, श्यामनं फक्त म्हनलं अन् दिले नाही. दादा तेच समजून गेला."

अकरा पानांत देवराव होते. लहानपणी सायकलवर पुढे बसवून शाळेत नेणारे देवराव. प्लांटच्या भरतीला श्यामरावांना पाठवताना स्वतःचे नवे बूट काढून देणारे देवराव, कारण मुलाखतीला चपला घालून जायचं नसतं. बँक पहिल्यांदा आली ती नवव्या पानावर. सगळं हिंदीत लिहिलेलं, कारण सरकारी म्हणजे हिंदी. शेवटी, 'आपण काय मागता' याचं उत्तर म्हणून एकच वाक्य होतं: मेरे बड़े भाई को मालूम होना चाहिए कि पैसा भेजा गया था।

मी लाल पेनाने खोडत गेले. लोकपालाच्या फॉर्मात भावाला जागा नसते. व्यवहाराची तारीख, रक्कम, नंबर, बँकेकडे तक्रार कधी केली, उत्तर आलं का, आणि मागणी. मागणीत मी लिहिलं: रक्कम परत, आणि दुसऱ्या दिवसानंतरच्या उशिराबद्दल नियमाप्रमाणे दिवसाला शंभर रुपये. मी सायकल खोडली, ती त्यांनी खोडू दिली. मी बुटांपाशी आले तेव्हा म्हणाले, "हे राहू दे ना." मी म्हटलं, काका, हे वाचून तिथला माणूस पान उलटेल. त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

ऑनलाइन करू म्हटलं तर ऐकेनात. मशीननेच तर घात केला होता. म्हणून सहीचा अर्ज स्पीड पोस्टाने चंडीगडला गेला. देशभरातले असे कागदी अर्ज तिथेच जातात. बँकेकडे आधी तक्रार केली का, या रकान्यात मी लिहिलं, हो, शाखेच्या तक्रारवहीत, अमुक तारखेला. तीस दिवस उलटून गेलेच होते. सगळं बरोबर होतं.

एप्रिलमध्ये उत्तर आलं. तक्रार विचारात घेण्याजोगी नाही, बंद करण्यात येत आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा जोडलेला नाही.

"वहीत लिवलं ना मी!" ते ओरडले. बाहेरच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"मंग त्याची प्रत कुठं हाये?"

"प्रत कायची? लॉग बुकाची कोनी प्रत घेते का?"

मी त्यांना घेऊन शाखेत गेले. पहिली तक्रारवही सापडली नाही, मॅनेजर बदलला होता, कपाटं इकडची तिकडे झाली होती. नवीन वही दाखवली. प्रत्येक नंबराची दोन पानं, दुसरं फाडून घेता यावं म्हणून त्याला कडेने बारीक भोकं पाडलेली. वर छापलेलं होतं, ग्राहक की प्रति.

श्यामराव त्या भोकांकडे बघत राहिले. "हो," ते म्हणाले, "असंच होतं. मले वाटलं, चुकून ढिलं झालं हाये पान. मी दाबून बसवलं बरोबर."

मला रडू आलं आणि रागही आला. चौतीस वर्षं जे इमानाने पाळलं तेच नडलं होतं. मी सेंटरवाली, रोज लोकांना पोच घ्या, पोच घ्या म्हणून ओरडणारी, आणि मीही त्यांना विचारलं नव्हतं. प्रत जोडा असं त्या फॉर्मातच लिहिलेलं होतं. श्यामराव म्हणाले म्हणजे नोंद झाली असणार, असं मी धरून चालले.

मग सगळं पहिल्यापासून. नवी तक्रार, दोन प्रती, एकीवर शिक्का, सही, तारीख. तो शिक्का मारून घ्यायला आम्ही पाऊण तास उभे राहिलो. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, तसं खाजगी बँकेचंही असतं हे तेव्हा कळलं. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं: आमच्या बाजूने व्यवहार यशस्वी, लाभार्थीच्या बँकेशी संपर्क साधावा.

त्यासाठी भूपेंद्रच्या खात्याचा उतारा हवा होता. श्यामरावांनी दोन दिवस घेतले, मग मेसेज केला. पाच मिनिटांत उतारा आला. सोबत नमस्कार नाही की कसे आहात नाही.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "बोलतही नाही मायासंग."

या वेळी त्यांनी मला ऑनलाइन करू दिलं. कटल्याचा मेसेज, पासबुकाचं पान, शिक्क्याची प्रत, बँकेचं उत्तर, भूपेंद्रचा उतारा, सगळं चढवलं. तक्रारीचा नंबर फोनवर आला, तो त्यांनी घरच्या वहीत लिहिला, खिशातल्या चिठ्ठीवर लिहिला आणि माझ्या भिंतीवरही लिहायला सांगितला. मेअखेरीस लोकपालाच्या कार्यालयातून कळलं की बँकेकडून खुलासा मागवला आहे. त्यानंतर ते रोज यायचे. आता मी घड्याळ बघत नव्हते.

ऑगस्टच्या वीस तारखेला खात्यात चाळीस हजार जमा झाले, आणि वेगळे एकोणीस हजार दोनशे. एकशे ब्याण्णव दिवसांचे, दिवसाला शंभर. चार दिवसांनी लोकपालाचं पत्र आलं. बँकेने मान्य केलं होतं की नऊ फेब्रुवारीला ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा झाली, लाभार्थीला मिळाली नाही, आणि हिशेबाच्या जुळवणीत राहून गेल्यामुळे परत केली गेली नाही. रक्कम भरपाईसह दिल्यामुळे तक्रार निकाली.

मी पत्राची छापील प्रत काढून दिली. श्यामरावांनी तारखेवर बोट ठेवलं. "नऊ फेब्रुवारी. लिवलं हाये ना? साफ लिवलं हाये?"

"साफ लिवलं हाये काका."

"तू चाल मायासंग. तुले समजावून सांगता येते."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. दोन दिवसांनी आम्ही दुर्गहून सकाळच्या गाडीने आमगावला गेलो. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पत्र प्लास्टिकच्या पाकिटात, सोबत भूपेंद्रच्या नावाचा एकोणसाठ हजार दोनशेचा चेक. गाडीत ते मला एखाद्या पोरासारखे सांगत होते, आधी तू नियम सांग, मग मी पत्र देतो.

अंजनाबाई ओसरीत धान पाखडत होत्या. मला वाटलं होतं कठोर बाई असेल. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराने हात पुसले आणि श्यामरावांना म्हणाल्या, "या भाऊजी. बारीक झाले तुमी." भूपेंद्रने खुर्च्या आणल्या आणि दाराला टेकून उभा राहिला.

मी नियम सांगितला. श्यामरावांनी पत्र काढलं, मोठ्याने वाचलं, तारीख दोनदा वाचली. मग म्हणाले, "वैनी, मी पाठवले होते. खोटं नाही बोललो मी. दादाले वाटलं असन का श्यामनं नऊ वर्षाचा दावा काढला..."

"त्याइले असं कधीच नाही वाटलं," अंजनाबाई म्हणाल्या.

श्यामरावांनी पत्र मांडीवर ठेवलं.

"मंग बोलल्या कावून नाही वैनी मायासंग? माती झाली त्या दिवशी माह्याकडं पाह्यलं नाही तुमी."

अंजनाबाईंनी भूपेंद्रकडे बघितलं. तो हळूच म्हणाला, "आई, राहू दे." पण श्यामराव हटले नाहीत. "सांगा वैनी. मी सहा महिने झाले झोपलो नाही. काय असन ते सांगा."

त्यांनी सूप पुन्हा जवळ ओढलं. मग खाली बघत बोलल्या. "नरेशनं आनले होते पैसे. माह्या भावानं. चाळीस हजार, शनिवारी सकाळी, दवाखान्यात. गाडी बी सांगून आला होता नागपूरची. त्याइनं परत केले. म्हने, माह्या श्यामचे निघाले हाये, आज येतीन, तेच भरून जाऊ. नऊ वर्षांनी त्यानं हात पुढं केला, अन् मी दुसऱ्याचा पैसा घ्यू? त्याले काय वाटन? आमी लय समजावलं. ऐकलं नाही. इतवारीही तेच. दर घडीले भूपेंद्रले विचारत, आला का श्यामचा मेसेज."

मला माझाच आवाज ऐकू येत होता, उद्या येतीन, हसत हसत म्हटलेलं.

"तुमाले हे सांगून काय करू भाऊजी?" अंजनाबाई म्हणाल्या. "ते गेले ते गेले. तुमाले तं जगाचं होतं. म्हून मी पाह्यलं नाही तुमाकडं. पाह्यलं असतं तं तोंडातून निघालं असतं."

श्यामराव रडले. त्या वयाच्या पुरुषाला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, तोंड उघडं टाकून, आवाज न करता. अंजनाबाई उठून त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि पाठीवर हात ठेवला. मी अंगणात गेले. माझीही चूक आहे हे मला तिथे सांगायचं होतं, शब्द तोंडापर्यंत आले होते, पण त्या घरात आणखी एक चूक ठेवायला जागा नव्हती. चेक भूपेंद्रने घेतला नाही. पत्र मात्र अंजनाबाईंनी मागून घेतलं.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. डोंगरगड गेलं. मी पाणी दिलं, त्यांनी बाटली हातात धरून ठेवली. राजनांदगाव आलं तेव्हा माझ्याकडे वळले.

"नरेशनं शनिवारी सकाळीच आनले होते म्हन्ते ना वैनी?"

"हो काका."

"सकाळीच ना? म्हंजे दोन दिवस होते हातात."

मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं.